माहिती आडवी मांडावी की उभी?
माती परीक्षणाच्या तक्त्याचे गणित

लोणी काळभोर : माती परीक्षणाचा अहवाल हाती पडतो तेव्हा नमुने दोन-तीनच असतात, पण प्रत्येकाचे गुणधर्म बारा. सामू, विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल आणि बोरॉन. हे बारा गुणधर्म तक्त्याच्या उभ्या रकान्यांत बसवावेत की आडव्या ओळींत, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

समजा, येथील एका शेतकऱ्याने ऊस, कांदा आणि फुलशेती अशा तीन तुकड्यांतील माती तपासून घेतली. गुणधर्मांना रकाने दिले, तर शेताच्या नावासह तेरा रकाने होतात. ए-४ कागदाची रुंदी २१ सेंटिमीटर. समास सोडल्यास सुमारे १७ उरतात, म्हणजे प्रत्येक रकान्याच्या वाट्याला जेमतेम १.३ सेंटिमीटर. ‘विद्युत वाहकता’ हे शीर्षक मग आडवे मावत नाही. ते उभे फिरवावे लागते किंवा त्याचे संक्षिप्त रूप करावे लागते.

गुणधर्म ओळींत घेतले, की ही अडचण सुटते. शिवाय प्रत्येक नावाशेजारी एकक आणि मर्यादा यांना स्वतंत्र रकाना मिळतो. ‘जस्त, मिलिग्रॅम प्रतिकिलो, मर्यादा ०.६’ आणि पुढे तिन्ही शेतांचे आकडे : ०.५२, ०.७१, ०.४८. ऊस आणि फुलशेतीच्या जमिनीत जस्त कमी आहे, हे एका नजरेत कळते. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेतही बारा घटक असेच एकाखाली एक दिलेले असतात.

मात्र या मांडणीत एक धोका आहे. एकाच रकान्यात सामू ८.१ आणि त्याखाली नत्र हेक्टरी १८० किलो येते. अशा रकान्याची बेरीज वा सरासरी निरर्थक ठरते. रकान्याखाली ‘एकूण’ दिसले, की चूक झाली असे खुशाल समजावे.

म्हणूनच संगणकातील मूळ नोंद उलट ठेवणे श्रेयस्कर. तेथे प्रत्येक नमुन्याला एक ओळ आणि प्रत्येक गुणधर्माला एक रकाना असावा. त्यामुळे रकान्यातील सर्व आकडे एकाच एककाचे राहतात, क्रम लावता येतो, सरासरी काढता येते आणि नवा नमुना खाली जोडता येतो. छापण्यासाठीचा तक्ता वेगळ्या पानावर पुढील सूत्राने फिरवून घेता येतो :

```
=TRANSPOSE(Sheet1!A1:M4)
```

मूळ नोंद बदलली, की हा तक्ताही बदलतो. आकडे नुसते नकलून फिरवले, तर दुरुस्ती एका ठिकाणी होते आणि जुना आकडा दुसरीकडे तसाच राहतो.

या मांडणीलाही सीमा आहे. चार-पाच शेतांपर्यंत ती सोयीची. तीस शेतांचे आकडे आले, की तक्ता पुन्हा कागदाबाहेर जातो. तेव्हा शेते ओळींत घ्यावीत. थोडक्यात, कागदावर जे संख्येने अधिक, ते खालच्या दिशेने जावे.