लहान शेतासाठी पॉवर टिलर की छोटा ट्रॅक्टर? अश्वशक्ती, इंधन व विक्रेत्याची सेवा यांचा विचार

अहिल्यानगर शहरालगतच्या केडगाव परिसरात मध्यम काळ्या जमिनीत कांदा, रब्बी ज्वारी व हरभरा ही पिके घेतली जातात. अशा भागात दोन-अडीच एकरांचा धारक बैलजोडी सांभाळणे परवडत नाही म्हणून यंत्राकडे वळतो. त्या वेळी त्याच्यापुढे दोन पर्याय असतात : मागे चालत हाकावयाचा बारा-तेरा अश्वशक्तीचा पॉवर टिलर, किंवा बसून चालवावयाचा अठरा-वीस अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर. पत्रकावरील अश्वशक्तीचा आकडा व किंमत एवढेच पाहून केलेली निवड पुढे अडचणीची ठरते. ती कशी, हे अडीच एकरांच्या एका उदाहरणावरून पाहू.

प्रथम अश्वशक्तीचा अर्थ लक्षात घ्यावा. पत्रकात दिलेली अश्वशक्ती ही इंजिनाची असते. जमिनीत अवजार ओढण्यासाठी मिळणारी शक्ती तीहून बरीच कमी असते. समजा, २० सेंटिमीटर रुंद व १५ सेंटिमीटर खोल तास घेणारा नांगर ओढावयाचा आहे. तासाचे छेदक्षेत्र ३०० चौरस सेंटिमीटर होते. वाफशावरील मध्यम काळ्या जमिनीत दर चौरस सेंटिमीटरास सुमारे अर्धा किलो ओढ लागते असे धरले, तर एकूण ओढ १५० किलो होईल. ताशी ३ किलोमीटर वेगाने ही ओढ देण्यास पावणेदोन अश्वशक्तीही लागत नाही. मग बारा अश्वशक्तीचा पॉवर टिलर नांगरटीस कमी का पडतो? कारण उणीव इंजिनात नसून वजनात असते. चाकाला जमिनीवर मिळणारी पकड त्यावरील वजनाच्या साधारणपणे चार ते पाच दशांश इतकीच असते. फिरत्या पात्यांचा संच काढलेल्या टिलरचे वजन ३०० किलो धरल्यास १२० ते १५० किलोपेक्षा अधिक ओढ मिळणार नाही. जमीन थोडी वाळली की ओढ वाढते व चाके जागीच फिरू लागतात.

यावरून असा निष्कर्ष निघतो की, पॉवर टिलरचे खरे काम नांगर ओढणे हे नव्हे, तर फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणे हे होय. पात्यांना शक्ती इंजिनाकडून थेट मिळते. तेथे चाकांच्या पकडीवर भिस्त नसते. हे यंत्र जपानी धर्तीचे असून भातखाचरातील चिखलणीस ते फार सोयीचे आहे. कोकणातील खाचरांत ते जितके उपयुक्त, तितकेच केडगावच्या वाळलेल्या काळ्या रानात ते असेल, असे समजू नये. ज्यास दरवर्षी खोल नांगरट करावयाची आहे त्याने वजनदार ट्रॅक्टरचा विचार करावा, अथवा नांगरटीपुरता मोठा ट्रॅक्टर भाड्याने घेऊन पुढील मशागत टिलरने करावी.

चाके किती घसरतात हे शेतातच मोजता येते. चाकावर खडूची खूण करून अवजार उचललेले असताना चाकाच्या दहा फेऱ्यांत किती अंतर कापले जाते ते मोजावे. नंतर अवजार जमिनीत घालून पुन्हा मोजावे. पहिले अंतर २० मीटर व दुसरे १७ मीटर आल्यास घसरण शेकडा १५ झाली, व ती चालण्यासारखी आहे. ती शेकडा २५ च्या पुढे गेल्यास डिझेल व टायर दोन्ही वाया जात आहेत असे समजावे. तसेच, काम चालू असता इंजिनाचा आवाज मंदावून काळा धूर सतत येऊ लागल्यास अवजार यंत्रास झेपत नाही, हे ओळखावे.

इंधनाची तुलना ताशी न करता एकरी करावी. ६० सेंटिमीटर रुंदीचा टिलर ताशी २ किलोमीटर वेगाने चालला व वळणांत चौथा हिस्सा वेळ गेला, तर तासाला सुमारे ९०० चौरस मीटर काम होते. म्हणजे एकरास साडेचार तास लागतात. ताशी १.४ लिटर डिझेल धरल्यास एकरी सुमारे सव्वासहा लिटर खर्ची पडते. छोटा ट्रॅक्टर एक मीटर रुंदीच्या रोटाव्हेटरने हेच काम सव्वादोन तासांत करील, परंतु ताशी सुमारे तीन लिटर डिझेल घेईल; म्हणजे एकरी पावणेसात लिटर. टिलर ताशी निम्म्याहून कमी तेल पितो हे खरे, पण एकरी बचत फारशी होत नाही. फरक पडतो तो वेळ व श्रम यांत. टिलरमागे एका एकरास जवळजवळ सात किलोमीटर चालावे लागते. घरात हे काम नियमाने कोण करणार, हे खरेदीपूर्वीच ठरवावे.

यानंतर वार्षिक खर्च पाहावा. हिशेबासाठी टिलरची किंमत २,००,००० रुपये, आयुष्य १० वर्षे व शेवटी मूल्य २०,००० रुपये धरू. वार्षिक घसारा १८,००० रुपये होतो. सरासरी गुंतवणूक १,१०,००० रुपयांवर शेकडा १० प्रमाणे व्याज ११,००० रुपये. एकूण २९,००० रुपये, यंत्र चालो वा न चालो, सोसावेच लागतात. अडीच एकरांत वर्षाला चार पाळ्या म्हणजे दहा एकर-पाळ्या झाल्या. एका पाळीवर २,९०० रुपये बसले, आणि डिझेल व दुरुस्ती निराळीच. गावातील भाड्याचा दर याहून कमी असल्यास यंत्र विकत घेणे तोट्याचे होय. हेच यंत्र भाऊबंद मिळून आठ एकरांवर वापरतील तर बत्तीस पाळ्या होऊन हा खर्च पाळीमागे सुमारे ९०० रुपयांवर येतो. वरील आकडे उदाहरणादाखल असून, प्रत्येकाने स्वतःच्या भागातील किंमत व भाडे घालून हिशेब पुन्हा मांडावा.

विक्रेत्याची सेवा हा तिसरा विचार. वाफसा चार-सहा दिवसच टिकतो; त्या काळात पट्टा तुटून यंत्र आठवडाभर उभे राहिल्यास पेरणी लांबते. म्हणून सौदा ठरविण्यापूर्वी पट्टा, पाती, इंधन गाळणी, क्लच प्लेट व तेलसील हे भाग दुकानात प्रत्यक्ष दाखविण्यास सांगावे व त्यांच्या किमती लिहून घ्याव्या. शेतावर येणारा मिस्त्री कोण व किती अंतरावर राहतो, हे विचारावे. त्या विक्रेत्याकडून दोन-तीन वर्षांपूर्वी यंत्र घेतलेल्या दोन शेतकऱ्यांची समक्ष भेट घ्यावी; नव्या ग्राहकाचे मत येथे उपयोगी पडत नाही. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रासारख्या शासकीय संस्थेचा चाचणी अहवालही मागावा. प्रत्यक्ष मोजलेली शक्ती व इंधनखप त्यात सापडतात.

शासकीय अनुदान घ्यावयाचे असल्यास महाडीबीटीवरील अर्जास पूर्वसंमती मिळाल्यानंतरच खरेदी करावी. तथापि अनुदानाने किंमत उतरते, यंत्राचे वजन वाढत नाही. अडीच एकरांच्या एकट्या धारकाने भाड्याचे यंत्र घ्यावे; सात-आठ एकरांचे काम जमत असून ते मुख्यतः भुसभुशीत मशागतीचे असल्यास टिलर घ्यावा; आणि नांगरट व वाहतूक ही दोन्ही कामे वर्षभर असल्यासच छोट्या ट्रॅक्टरचा विचार करावा. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा हिशेब शेतकऱ्यासमवेत बसून, त्याच्याच आकड्यांनी, कागदावर मांडून द्यावा.