नारळ देण्याआधी

स्टीलच्या जॉबमध्ये चाळीस मिलिमीटर व्यासाचं बोअर करायचं आहे. ड्रॉइंगमध्ये टॉलरन्स दिलाय अधिक २५ मायक्रॉन, उणे शून्य. म्हणजे माप ४०.००० ते ४०.०२५ यांच्या मध्ये कुठेही आलं तरी चालेल, पण चाळीसच्या खाली एक मायक्रॉनही गेलेलं चालणार नाही. मशीनवरचा तरुण ऑपरेटर जॉब काढतो, लगेच बोअर गेज घालतो, माप येतं ४०.०१०. अगदी मध्याजवळ. तो निर्धास्त होऊन पुढचा जॉब लावतो आणि शिफ्ट संपेपर्यंत पूर्ण लॉट निघतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणी विभागात तेच जॉब ३९.९९६ दाखवतात. प्लग गेजची गो बाजू आत जातच नाही.

गेजही बिघडलेला नसतो आणि मशीनही. जॉब गरम असताना मोजलेला असतो, एवढंच. स्टील दर अंश सेल्सियसला मीटरमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं. चाळीस मिलिमीटरचं बोअर खोलीच्या तापमानापेक्षा तीस अंशांनी गरम असेल, तर ते जवळपास १४ मायक्रॉन मोठं दिसतं आणि थंड झाल्यावर तेवढंच आकसतं. हे गणित आयटीआयच्या पुस्तकात असतं, त्या ऑपरेटरनेही ते परीक्षेत लिहिलेलं असतं. पण ऐन कामाच्या वेळी ते आठवायला आधी जॉबला हात लावून पाहायची सवय लागते.

पंचावन्न वर्षांचा सेटर असता, तर त्याने जॉब हातात घेतल्या घेतल्या ओळखलं असतं. पहिले दोन-तीन जॉब त्याने तासभर ग्रॅनाइट प्लेटवर ठेवले असते, थंड झाल्यावर पुन्हा मोजले असते आणि त्या फरकाने ऑफसेट दिला असता. शिवाय त्याने दुसराही प्रश्न विचारला असता: जॉब एवढा तापलाच का? इन्सर्टची धार गेली असेल, किंवा कूलंटची नळी हलून धार भलतीकडे पडत असेल. भोसरी-चाकणच्या पट्ट्यात ज्यांनी काम केलंय, त्यांना असा एखादा माणूस नक्की आठवेल. मशीनचा आवाज बदलला की तो बोलणं अर्धवट सोडून मशीनकडे वळतो.

आणि खर्च कमी करायची वेळ आली की यादीत पहिलं नाव बहुतेक वेळा त्याचंच असतं. त्याचा पगार जास्त, म्हणून त्याला नारळ दिला की बचतही मोठी दिसते. माझा आक्षेप या हिशोबालाच आहे. पगाराचा आकडा एका ओळीत दिसतो. रिजेक्ट झालेला लॉट, पुन्हा चढवलेले जॉब, उशिरा गेलेली गाडी आणि ग्राहकाने कापलेलं बिल मात्र वेगवेगळ्या खात्यांत विखुरलेलं असतं. तो सेटर होता म्हणून जे नुकसान झालंच नाही, त्याची नोंद तर कुठल्याच खात्यात नसते.

पन्नाशीनंतर माणूस मंदावतो, हा समज जर्मनीत दोन ठिकाणी नीट तपासून पाहिला गेला आहे. त्यातलं एक ठिकाण म्हणजे मर्सिडीजचा वोर्थ इथला ट्रक जोडणीचा कारखाना. अर्थतज्ज्ञ आक्सेल ब्योर्श-झुपान आणि मात्तियास वाइस यांनी तिथल्या चुकांच्या नोंदी अभ्यासल्या. वयस्क कामगारांच्या किरकोळ चुका थोड्या जास्त निघाल्या, पण महागात पडणाऱ्या गंभीर चुका त्यांच्या हातून क्वचितच झाल्या होत्या. साठीपर्यंत उत्पादकता घटल्याचंही दिसलं नाही. लाइनवर एकाएकी काही बिनसलं, तर काय करायचं नाही हे त्यांना ठाऊक असतं, असा मी याचा अर्थ लावतो.

दुसरं ठिकाण बव्हेरियातल्या डिंगोलफिंगचं. बीएमडब्ल्यूच्या या कारखान्यात कामगारांचं सरासरी वय वाढत चाललं होतं. दहा वर्षांनी काय होईल याची वाट न पाहता त्यांनी २००७ मध्ये मागच्या ॲक्सलचे गिअरबॉक्स जोडणारी ४२ जणांची एक लाइन निवडली आणि २०१७ मध्ये अपेक्षित असलेल्या वयाचे कामगार, म्हणजे सरासरी ४७ वर्षांचे, आत्ताच तिथे नेमले. कारखान्यात तिला ‘पेन्शनरांची लाइन’ म्हणून हिणवलंही गेलं. मग व्यवस्थापनाने त्या कामगारांनाच विचारलं की तुम्हाला कुठे दुखतं आणि काय बदललं तर बरं होईल. त्यातून सुमारे सत्तर छोटे बदल झाले. गुडघ्यांना त्रास होऊ नये म्हणून काँक्रीटवर लाकडी फरशी आली. काही जागी बसून काम करता येईल अशा खुर्च्या, उंची बदलणारी टेबलं, बारीक भागांसाठी भिंगं आणि पडद्यावर मोठी अक्षरं आली. एकाच अंगावर दिवसभर ताण येऊ नये म्हणून कामाच्या जागा शिफ्टमध्येच आलटून पालटून दिल्या. सगळा खर्च जवळपास ४०,००० युरो झाला. मोटार कारखान्याच्या दृष्टीने तो किरकोळच. वर्षभरात उत्पादकता सात टक्क्यांनी वाढून तरुणांच्या लाइनच्या बरोबरीला आली आणि गैरहजेरी पुढे सात टक्क्यांवरून दोन टक्क्यांवर उतरली.

या बदलांतला एकही बदल आपल्याकडच्या पंचवीस माणसांच्या शॉपला अशक्य नाही. रबरी मॅट, चांगला दिवा, भिंग, उंच स्टूल, जड जॉब उचलायला छोटा होइस्ट. पंचेचाळिशीनंतर जवळचं कमी दिसू लागतं. व्हर्नियरवरची रेघ चुकते तेव्हा कौशल्य गेलेलं नसतं, उजेड कमी पडत असतो. मर्यादाही मान्य करायला हव्यात. सलग रात्रपाळ्या या वयात सोसत नाहीत आणि वजन उचलण्याची कामं काढून घ्यावी लागतात. नवीन कंट्रोलर शिकायलाही काहींना वेळ लागतो. तो वेळ कामाच्या तासांत द्यायला हवा. रविवारी बोलावून उरकण्याची ही गोष्ट नाही.

शिकवण्याचं कामही आपण चुकीच्या वेळी सांगतो. निवृत्तीला महिना उरला की साहेब म्हणतात, ‘काका, या पोराला सगळं दाखवून जा.’ महिन्यात सगळं दाखवता येत नाही, कारण अनुभवाचे प्रसंग आपल्या वेळेने येतात. उन्हाळ्यातलं तापमान मे महिन्यातच भेटतं, आणि एखाद्या फिक्श्चरची खोड वर्षातून दोनदाच दिसते. म्हणून ही जोडी किमान दोन वर्षं आधी लावावी. सेटिंग पोराने करायचं, काकांनी शेजारी उभं राहायचं आणि हात मागे ठेवायचे. बिघाड निघाला की काय केलं याच्याबरोबर का केलं, हेही एका वहीत पोरानेच लिहायचं. त्या दिवशी दोघांचं उत्पादनाचं टार्गेट कमी धरायचं. टार्गेट तेच ठेवलं, तर काका स्वतःच जॉब काढून मोकळे होतात आणि पोरगा बघत राहतो. अप्रेझलच्या वेळी किती जणांना तयार केलं हे विचारलं गेलं, तरच ज्येष्ठांनाही हे काम आपलं वाटेल. शिकवलं की आपली गरज संपेल, ही त्यांची भीती खोटी नाही. मालकाने करार वाढवून दिला, तरच ती जाते.

करार वाढवता येतो, हेच अनेक मालकांना माहीत नसतं. अठ्ठावन्नला पीएफची पेन्शन सुरू होते, म्हणून त्याच वयाला नोकरी संपवावी लागते असा त्यांचा समज असतो. पीएफचा नियम कामावर ठेवायला आडकाठी करत नाही. अठ्ठावन्ननंतर पेन्शन खात्यात जाणारा मालकाचा हिस्सा थांबतो आणि भविष्य निर्वाह निधीतच जमा होतो, एवढाच फरक. निवृत्तीचं वय नेमणूकपत्रात, करारात किंवा स्थायी आदेशांत ठरलेलं असतं, आणि दोन्ही बाजू राजी असतील तर त्यापुढे वर्षा-दोन वर्षांची नवी नेमणूक देता येते. आठवड्याचे तीन दिवस, फक्त दिवसपाळी, निम्मं काम सेटिंगचं आणि निम्मं शिकवण्याचं, असं त्या पत्रात स्पष्ट लिहावं. हे बोलणं माणसाच्या सत्तावन्नाव्या वर्षीच व्हायला हवं, कारण अठ्ठावन्नाव्या वाढदिवसापर्यंत चांगल्या सेटरला शेजारच्या शॉपने विचारून ठेवलेलं असतं.