हा आकडा आला कुठून?

समजा, एका दूध संघाच्या मासिक बैठकीत पडद्यावर डॅशबोर्ड लावलेला आहे. वरच्या चौकटीत ठळक अक्षरांत ‘कालचे संकलन : १,२०,००० लिटर’ असं दिसतंय. या चौकटीला संगणकवाले टाइल म्हणतात. अध्यक्षांच्या हातात मात्र त्याच दिवसाचा हिशेब विभागाचा कागद आहे, आणि त्यावर १,१६,५०५ लिटर लिहिलंय. जवळजवळ साडेतीन हजार लिटर दूध गेलं कुठं? संगणक विभाग म्हणतो, “आम्ही फक्त दाखवतो, आकडा खालून येतो.” खाली शीतकरण केंद्राला फोन लावला, तर तिथले पर्यवेक्षक म्हणतात, “साहेब, आमचा काटा बरोबर आहे.” आणि तिघंही खरंच बोलत असतात.

दूध सांडलेलं नाही की कुणी खाल्लेलं नाही. केंद्रावरचा काटा दूध किलोत मोजतो. एक लिटर दूध साधारण १.०३ किलो भरतं, म्हणून हिशेब विभाग किलोला १.०३ने भागून लिटर काढतो. डॅशबोर्ड बनवणाऱ्याला भागाकाराची ही पायरी कुणी सांगितलीच नव्हती. त्याने किलोची बेरीज केली आणि खाली ‘लिटर’ हा शब्द छापला. १,२०,००० भागिले १.०३ बरोबर १,१६,५०५. प्रकरण मिटलं. पण ते मिटवण्यासाठी तीन खात्यांतल्या माणसांचे दोन दिवस गेले असतील, तर आकड्याचा माग कुठंच लिहून ठेवलेला नाही, असा त्याचा अर्थ होतो.

हा माग लिहून ठेवण्याला माहितीशास्त्रात ‘डेटा लिनिएज’ म्हणतात. नाव परकं असलं तरी आपल्या गावाला कल्पना जुनी आहे. सातबाऱ्यावर खातेदाराच्या नावाजवळ फेरफार क्रमांक असतो. त्या क्रमांकाने गाव नमुना सहामधली नोंद काढली की वारस, खरेदी, वाटणी यांपैकी कशाने ते नाव इथं आलं, ते कळतं. त्या नोंदीवरून आणखी मागच्या नोंदीकडे जाता येतं. डॅशबोर्डवरच्या प्रत्येक टाइललाही असा फेरफार क्रमांक हवा. टाइलवर बोट ठेवलं की ती कोणत्या टेबलातून आली, त्या टेबलात कुठून आली, असं करत करत काट्यावरच्या मूळ नोंदीपर्यंत कुणालाही पोचता आलं पाहिजे. ‘कुणालाही’ हा शब्द इथं महत्त्वाचा. क्वेरी लिहिणाऱ्या माणसाला हे सगळं पाठच असतं; तो नोकरी सोडून गेला की पंचाईत होते.

बहुतेक ठिकाणी या कामाची सुरुवात बाणांच्या नकाशाने होते. काट्याकडून केंद्राच्या संगणकाकडे, तिथून मुख्यालयाच्या टेबलाकडे, तिथून डॅशबोर्डकडे. चित्र छान दिसतं, भिंतीवर लावता येतं. पण वरच्या गोंधळात या नकाशाचा काहीच उपयोग झाला नसता, कारण बाण सगळे बरोबरच होते. चूक होती ती दोन चौकटींच्या मध्ये, बाणाच्या पोटात. माझ्या मते माग लिहिताना बाणावर सगळ्यांत जास्त शाई खर्च व्हायला हवी. या पायरीवर एकक बदललं का? तारीख कोणती धरली? कोणत्या ओळी गाळल्या आणि का? किती ओळी आत आल्या आणि किती बाहेर पडल्या?

आपल्या टाइलची नोंद मग साधारण अशी होईल : “संघाच्या केंद्रांवर वजन झालेलं दूध. मूळ नोंद काट्याची, किलोत; लिटरसाठी १.०३ने भागलं आहे. तारीख काट्यावर वजन झाल्याची, संस्थेच्या पावतीवरची नाही. आंबट म्हणून परत केलेलं दूध वगळलं आहे. रोज सकाळी ६ वाजता ताजा होतो. व्याख्या बदलायची असेल तर संकलन विभागाला विचारावं.” एवढ्या सहा वाक्यांनी त्या दिवशीची बैठक वाचली असती.

यातलं तारखेचं वाक्य कुणाला बारकावा वाटेल, पण रोजची भांडणं तिथूनच सुरू होतात. १४ तारखेला संध्याकाळच्या पाळीत संस्थेने घेतलेलं दूध रात्रभर कूलरमध्ये राहतं आणि टँकरने १५ तारखेला केंद्रावर येतं. संस्थेच्या लेखी ते १४चं दूध, काट्याच्या लेखी १५चं. दोन्ही तारखा खऱ्या आहेत. एका टाइलने पहिली आणि दुसरीने दुसरी धरली, तर त्या दोन टाइल रोज एकमेकींना खोटं पाडत राहतील.

माग नीट लिहिलेला नसला, तरी फरकाच्या वागण्यावरून चुकीची जागा बरीचशी ओळखता येते. फरक रोज त्याच प्रमाणात, इथं तीन टक्के, पडत असेल तर एककाचा संशय घ्यावा. फरक रोज वर-खाली होतो पण महिन्याच्या बेरजेत जवळजवळ नाहीसा होतो, अशा वेळी दोष बहुधा तारखेचा असतो. काही मोजक्या संस्थांचंच दूध बरोबर दुप्पट दिसतंय, तर संस्थांच्या यादीत त्यांच्या दोन-दोन ओळी आहेत का ते पाहावं. टँकरचा मार्ग बदलला, नवी ओळ घातली, जुनी बंद करायची राहिली. मग दोन टेबलं जोडताना तेच दूध दोनदा मोजलं जातं. आणि एखादा आकडा एका ठरावीक उंचीवर जाऊन अडकत असेल, तर वाटेत कुठं तरी झाकण बसलंय असं समजावं.

या शेवटच्या प्रकाराचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण इंग्लंडमधलं आहे. २०२०च्या शरद ऋतूत तिथं कोरोनाच्या रोजच्या रुग्णसंख्येची टाइल सगळा देश पाहत होता. खासगी प्रयोगशाळा चाचण्यांचे निकाल साध्या सीएसव्ही फायलींत पाठवत. ‘पब्लिक हेल्थ इंग्लंड’ या सरकारी संस्थेत ते आपोआप एक्सेलच्या साच्यात ओढले जात आणि तिथून मध्यवर्ती यंत्रणेत जात. पुढे दोन फाटे होते : एक डॅशबोर्डकडे, दुसरा रुग्णांच्या संपर्कातली माणसं शोधणाऱ्या पथकांकडे. एक्सेलचा साचा जुन्या एक्सएलएस प्रकारचा होता. त्या प्रकारात एका पानावर ६५,५३६पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. एका रुग्णाच्या माहितीला अनेक ओळी लागत असल्याने प्रत्यक्षात एका साच्यात साधारण १,४०० रुग्णच बसत. रुग्ण वाढले, साचा भरला, आणि वरच्या ओळी गळू लागल्या.

२५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले १५,८४१ रुग्ण अशा रीतीने रोजच्या आकड्यांतून निसटले. चूक सापडल्यावर राहिलेले रुग्ण एकदम मोजले गेले, त्यामुळे शनिवारी ३ ऑक्टोबरला १२,८७२ आणि रविवारी २२,९६१ असे आकडे जाहीर झाले. आलेख पाहणाऱ्याला वाटावं, साथीने एका रात्रीत उसळी मारली. रुग्णांना त्यांचे निकाल कळले होते, पण त्यांच्या संपर्कातल्या लोकांचा शोध मात्र लांबला, कारण शोधपथकांचा फाटाही त्याच साच्याच्या पुढे होता. तातडीचा उपाय फारच साधा होता : मोठ्या फायलींचे लहान तुकडे केले.

बाणांचा नकाशा तिथंही अगदी बरोबर आला असता. प्रयोगशाळा, साचा, यंत्रणा, डॅशबोर्ड, सगळं जागच्या जागी. पण साच्याच्या आधी किती रुग्ण होते आणि नंतर किती उरले, हे दोन आकडे रोज शेजारी शेजारी लिहिले असते, तर पहिल्याच दिवशी तफावत दिसली असती. म्हणून प्रत्येक हस्तांतराला आवक-जावक मोजणं हा मागाचाच भाग धरायला हवा. तो वेगळा ‘तपासणी विभाग’ केला की कुणीच बघत नाही.

हे सगळं हाताने लिहायचं का? काही भाग यंत्रावर सोपवता येतो. क्वेऱ्या वाचून कोणता कॉलम कुठून आला ते काढणारी साधनं आता बरीच आहेत. `OpenLineage`, `DataHub`, `Apache Atlas` ही त्यांतली मुक्त नावं. `dbt` वापरणाऱ्या संघांना टाइलची नोंद क्वेरीच्या शेजारीच ठेवता येते :

```yaml
exposures:
  - name: kalche_sankalan_litre
    type: dashboard
    description: "काट्याचे किलो / 1.03; तारीख काट्याची"
    depends_on:
      - ref('sankalan_rojche')
    owner:
      name: "संकलन विभाग"
```

ही सोय मुळात अख्ख्या डॅशबोर्डसाठी आहे, पण महत्त्वाच्या प्रत्येक टाइलला अशी स्वतंत्र नोंद करायला हरकत नाही. फायदा उलट्या दिशेनेही मिळतो. `sankalan_rojche` या टेबलाला उद्या कुणी हात लावणार असेल, तर त्यावर कोणत्या टाइल उभ्या आहेत याची यादी आधीच निघते. शिवाय नोंद आणि क्वेरी एकाच जागी असल्यामुळे ‘क्वेरी बदलली, नोंद तशीच राहिली’ हे तपासणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं. वेगळ्या वर्ड फाइलमध्ये लिहिलेला माग सहा महिन्यांत शिळा होतो.

यंत्राला जे दिसत नाही, ते मात्र माणसालाच लिहावं लागतं. कुणी तरी एक्सेलमध्ये उतरवून घेतलेला, दोन आकडे हाताने दुरुस्त करून परत चढवलेला तक्ता यंत्राच्या दृष्टीने आकाशातून पडलेला असतो. डॅशबोर्डच्या आतच केलेली गणितं आणि लावलेल्या चाळण्याही अनेकदा निसटतात : टाइलवर ‘फक्त गायीचं दूध’ अशी चाळणी कुणी लावून ठेवली, तर मागचं टेबल निर्दोष असूनही आकडा भलताच येतो. आणि टाइलचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकला की तिथं मागाचा धागाच तुटतो. त्यावर उपाय नाही, मात्र टाइलच्या आतच ‘अमुक तारीख, अमुक वेळेपर्यंतचा आकडा’ अशी ओळ छापली तर फोटोबरोबर निदान तेवढं तरी जातं.

पहिल्याच दिवशी सगळ्या टाइलचा माग लिहायला बसू नये. ज्या आकड्यावरून पैसे वाटले जातात किंवा वर अहवाल जातो, तिथून सुरुवात करावी. लिहून झाल्यावर त्या विभागाशी संबंध नसलेल्या माणसाला एक टाइल, एक संस्था आणि एक तारीख द्यावी, आणि कुणालाही फोन न करता त्याने काट्याच्या नोंदीपर्यंत जाऊन दाखवावं. तो जिथं अडला, तिथं नोंद अपुरी आहे. आणि एखाद्या टाइलचा माग लिहायलाच कुणी तयार होत नसेल, तिची व्याख्या कोण ठरवतं हेही सांगता येत नसेल, तर ती टाइल डॅशबोर्डवरून काढून टाका.