‘अ’ तपासायचीच गरज नव्हती

एमपीएससीच्या पूर्वपरीक्षेत शोभेल असा प्रश्न घेऊ. धन विधेयकाबाबत कोणती विधाने बरोबर? (अ) ते फक्त लोकसभेतच मांडता येते. (ब) राज्यसभा ते 30 दिवस रोखू शकते. (क) विधेयक धन विधेयक आहे का, यावर लोकसभा अध्यक्षांचा निर्णय अंतिम असतो. पर्याय: फक्त अ, अ आणि ब, अ आणि क, वरील सर्व.

आधी पर्याय वाचावेत. ‘अ’ चारही पर्यायांत आहे, म्हणजे त्यावर वेळ घालवायचे कारणच नाही. राज्यसभेची मुदत 14 दिवसांची, हे पक्के ठाऊक असेल तर ‘ब’ चूक ठरते आणि दोन पर्याय एकदम बाद होतात. आता निकाल ‘क’वर.

‘फक्त’ किंवा ‘अंतिम’ दिसले की विधान चूक समजायचे, ही क्लासमधली युक्ती मात्र इथे घात करते. अनुच्छेद 109 राज्यसभेत धन विधेयक मांडू देत नाही; 110(3) अध्यक्षांचा निर्णय अंतिम म्हणते. उत्तर अ आणि क.

सराव करताना मात्र ‘अ’ही सोडू नये. तिन्ही विधाने राज्यघटनेच्या मूळ मजकुराशी ताडावीत आणि चुकीच्या विधानाशेजारी बरोबर आकडा लिहावा. पुढच्या प्रश्नात पर्याय बदललेले असतात.