तीस मिलिलिटर पाणी : नाकनळीविषयीच्या वॉर्डातील शिकवणीचा मागोवा

गिळता न येणाऱ्या रुग्णाच्या नाकातून जठरापर्यंत घातलेल्या नळीला भारतातील वॉर्डांत रायल्स ट्यूब, किंवा नुसते आर.टी., म्हटले जाते. हे नाव ज्यांच्यावरून पडले त्या लंडनच्या गाइज् हॉस्पिटलमधील जॉन रायल यांनी १९२१ च्या सुमारास अशी बारीक नळी वापरात आणली, ती अन्न आत सोडण्यासाठी नव्हे, तर जठररसाचे नमुने थोड्या-थोड्या वेळाने बाहेर काढण्यासाठी. नळीचा उपयोग पुढे बदलला, तरी वॉर्डातील परिचारिकांना तिच्याविषयी जे शिकवले जाई त्यात हा मूळ हेतू बराच काळ रेंगाळत राहिला. नळी जठरातच आहे ना हे ओळखणे आणि आतले किती बाहेर येते हे मोजणे, या दोन गोष्टींभोवती ती शिकवण फिरत असे, आणि नळी पाण्याने धुण्याच्या वाट्याला जेमतेम एखादे वाक्य येई. गेल्या चार दशकांत हा क्रम जवळजवळ उलटला. तो कसा उलटला हे पाहिले, की आजच्या शिकवणीतील पाण्याची मापे आणि पलंगाचे कोन कुठून आले हेही कळते.

नळीची जागा ओळखण्याची जुनी रीत साधी होती: सिरिंजने नळीत हवा मारायची, जठरावर स्टेथोस्कोप ठेवायचा आणि खळखळ ऐकू आली की नळी योग्य जागी आहे असे मानायचे. ही रीत एका परिचारिकेकडून दुसरीकडे तोंडी जात राहिली आणि तिला कोणी फारसे प्रश्न विचारले नाहीत. अमेरिकेतील सेंट लुइस येथील परिचर्या-संशोधक नॉर्मा मेथेनी यांनी १९९० मध्ये ती तपासून पाहिली, तेव्हा केवळ आवाजावरून नळीचे टोक कुठे आहे हे भरवशाने सांगता येत नाही असे दिसले. अन्ननलिकेत किंवा फुफ्फुसाच्या तळाशी सोडलेल्या हवेचा आवाजही पोटाच्या वरच्या भागात ऐकू येतो. तरीही सवय सुटली नाही, आणि फुफ्फुसात शिरलेल्या नळीतून अन्न सोडले गेल्याने झालेल्या मृत्यूंनंतर ब्रिटनच्या रुग्णसुरक्षा यंत्रणेला २००५ मध्ये ही पद्धत बंद करण्याचा इशारा काढावा लागला. त्यानंतर तेथे नळीतून ओढलेल्या द्रवाची आम्लता पीएच पट्टीने पाहणे ही पहिली तपासणी ठरली आणि ५.५ किंवा त्याहून कमी पीएच सुरक्षित मानला गेला. आम्ल कमी करणारी औषधे चालू असतील, किंवा नुकतेच अन्न दिलेले असेल, तर हा आकडा वर सरकतो. अशा वेळी, आणि पट्टीच उपलब्ध नसेल तेव्हाही, छातीचा एक्स-रे काढून तो जाणत्या डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय पहिले अन्न सोडायचे नाही, असे आज शिकवले जाते.

रुग्णाला कसे ठेवावे याची शिकवणही पूर्वी ‘डोके थोडे वर’ एवढ्यावर संपत असे. १९९९ मध्ये बार्सिलोनातील एका अभ्यासात कृत्रिम श्वसनावरील ८६ रुग्णांपैकी काहींना सपाट आणि काहींना ४५ अंश उंचावून ठेवले गेले, तेव्हा न्यूमोनियाचा संशय सपाट झोपलेल्यांपैकी ३४ टक्क्यांत आणि उंचावलेल्यांपैकी ८ टक्क्यांत आढळला. सपाट ठेवून नळीने अन्न दिलेल्यांना धोका सर्वांत जास्त होता. त्यानंतर ४५ अंश हा आकडा सर्वत्र पसरला, परंतु २००६ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी कोन प्रत्यक्ष मोजत ठेवला तेव्हा ४५ अंशांसाठी नेमलेल्या रुग्णांचाही पलंग सरासरी २८ अंशांच्या आसपासच राहतो असे निघाले. रुग्ण खाली घसरतो, चादर बदलताना पलंग सपाट केला जातो व तसाच राहतो, आणि नुसत्या डोळ्याला कोन नेहमी आहे त्याहून मोठा वाटतो. म्हणून आजची शिकवण ३० ते ४५ अंश अशी मर्यादा सांगते, आधी गुडघ्यांखालचा भाग उचलून मगच डोक्याकडचा भाग वर घ्यायला सांगते, जेणेकरून रुग्ण घसरणार नाही, आणि अन्न दिल्यानंतर निदान अर्धा तास हा कोन टिकवायला सांगते. स्पंज, बेडपॅन किंवा एक्स-रेसाठी रुग्णाला सपाट करायचे असेल, तर चालू असलेले अन्न आधी थांबवावे लागते. फार उंच कोनात माकडहाडावर दाब वाढून व्रण होण्याची भीती असते, ही या नियमाची दुसरी बाजू पुष्कळदा सांगायची राहून जाते.

सर्वांत मोठा बदल मात्र नळी तुंबण्याविषयीच्या समजुतीत झाला. जाड, ताठ नळ्यांच्या जागी मऊ आणि बारीक नळ्या आल्या तशा रुग्णाच्या नाकाघशाला होणाऱ्या जखमा कमी झाल्या, पण नळ्या तुंबू लागल्या, आणि त्या मोकळ्या करण्यासाठी वॉर्डावॉर्डांत घरगुती उपाय रूढ झाले. पाश्चात्त्य रुग्णालयांत क्रॅनबेरी या आंबट फळाचा रस आणि कोला वापरला जाई; आम्लाने साका विरघळतो असे त्यामागचे गृहीतक होते. मेथेनी यांनीच १९८८ मध्ये पाणी, कोला आणि क्रॅनबेरीचा रस यांची तुलना केली, तेव्हा त्या रसाने नळ्या अधिक तुंबल्या, आणि कोला साध्या पाण्याहून सरस ठरला नाही. याचे कारण मराठी स्वयंपाकघरात रोज दिसते. दुधात लिंबू पिळले की त्यातील केसीन नावाचे प्रथिन गोळा होऊन दूध फाटते. नळीतून जाणारे बहुतेक तयार पोषणद्रव दुधाच्या प्रथिनांवर आधारलेले असल्याने त्यांना आम्ल लागताच नळीच्या आत तेच घडते. जठरात आम्ल असतेच, आणि ते नळीत ओढले गेले तरी परिणाम तोच होतो. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जठरातील शिल्लक द्रव वारंवार ओढून पाहिल्याने बारीक नळ्या अधिक तुंबतात असे दिसले. शिल्लक मोजण्याचा आग्रह पुढे इतर कारणांनीही सैल झाला, आणि २०१६ च्या अमेरिकी मार्गदर्शनाने अतिदक्षता विभागातही ती मोजणी नित्यनियमाने करू नये असे सुचवले.

यातून पाण्याचा नियम रुजला: प्रौढ रुग्णात अन्न सतत चालू असेल तर दर ४ तासांनी ३० मिली पाणी, आणि अन्न थांबून-थांबून दिले जात असेल तर प्रत्येक वेळी आधी ३० मिली व नंतर ३० मिली. ३० हा आकडा मनमानी वाटतो, पण १०५ सेंटीमीटर लांबीच्या नेहमीच्या नळीच्या पोकळीत १० मिलीच्या आतबाहेरच द्रव मावतो, म्हणजे ३० मिली पाणी तिला सुमारे तीनदा धुऊन काढते, तर ५ मिली पाणी नळीतले अन्न फक्त थोडे पुढे ढकलून मध्येच थांबते. पाणी ५० मिलीच्या सिरिंजने द्यायचे, कारण तेवढ्याच जोराने दाबली तरी लहान सिरिंज नळीवर कितीतरी जास्त दाब टाकते आणि मऊ नळी त्याने फुटू शकते.

शिकवणीत सविस्तर मांडण्याजोगे उदाहरण नेहमीच्या वॉर्डातले असते. पक्षाघाताच्या एका रुग्णाला सकाळी ८ वाजता २०० मिली अन्न दिले गेले आणि लगेच, मध्ये पाणी न सोडता, चार औषधे दिली गेली: लेपित अॅस्पिरिन, पॅन्टोप्राझोलची गोळी, अॅम्लोडिपिन आणि पोटॅशियम क्लोराइडचे सिरप. तिन्ही गोळ्या एकत्र कुटून सिरपमध्ये कालवल्या गेल्या आणि शेवटी १० मिली पाणी सोडले गेले. ११ वाजता अन्न जाईना, तेव्हा नळी ‘आत्ता’ तुंबली असे नोंदवले गेले. प्रत्यक्षात ती ८ वाजून काही मिनिटांनीच तुंबायला लागली होती. नळीत राहिलेल्या अन्नाला दाट सिरप लागून प्रथिने साकळली आणि त्या चोथ्यात लेपाचे चिकट तुकडे अडकले. हा लेप आतड्यातच विरघळावा अशा बेताने दिलेला असतो, म्हणून गोळी कुटली की तुकडे गोळा होतातच, शिवाय पॅन्टोप्राझोल जठरातील आम्लाने निकामीही होते. म्हणजे नळी तुंबली आणि औषधही वाया गेले. अशा वेळी साध्या, विरघळणाऱ्या अॅस्पिरिनची आणि पॅन्टोप्राझोलच्या वेगळ्या रूपाची मागणी डॉक्टरांकडे करायची असते. कुटण्याचा निर्णय परिचारिकेने एकटीने घ्यायचा नसतो.

हेच योग्य रीतीने करायचे तर अन्न संपताच ३० मिली पाणी, मग प्रत्येक औषध स्वतंत्र, बारीक करून किंवा पातळ करून, दोन औषधांच्या मध्ये १५ मिली आणि अखेरीस पुन्हा ३० मिली. चार औषधांसाठी हे १०५ मिली होतात. दिवसातून तीनदा औषधे असतील तर तीनशे मिलीहून जास्त पाणी नुसते नळी धुण्यात जाते, आणि ते द्रवाच्या नोंदीत लिहिले नाही तर हृदय किंवा मूत्रपिंड दुबळे असलेल्या रुग्णाचा हिशेब चुकतो. अशा रुग्णांत आणि लहान मुलांत मापे डॉक्टर कमी करतात. तान्ह्या बाळाला प्रौढाचे माप लावणे धोक्याचे ठरते.

नळी तुंबलीच तर आधी बाहेरचे पाहायचे: चिमटा बंद आहे का, नळी उशीखाली दुमडली आहे का, नाकाजवळची खूण सरकली आहे का. त्यानंतर वरच्या भागातील अन्न सिरिंजने ओढून काढायचे, म्हणजे पाणी चोथ्यापर्यंत पोहोचते. कोमट पाणी भरून हलकेच पुढे-मागे करायचे आणि नळी १५ ते २० मिनिटे बंद ठेवून पुन्हा प्रयत्न करायचा. याने न सुटल्यास डॉक्टरांच्या आदेशाने स्वादुपिंडाचे पाचक द्रव्य खाण्याच्या सोड्यासोबत पाण्यात कालवून सोडता येते. सोडा आम्ल मारतो आणि पाचक द्रव्य प्रथिने तोडते. कॅप्सूलमधील लेपित कण मात्र तसेच वापरता येत नाहीत, कारण तेही स्वतःच नळीत अडकतात. बारीक नळीसोबत येणारी तार रुग्णाच्या आत असलेल्या नळीत पुन्हा घालणे हा निषिद्ध उपाय आहे. ती नळीला आणि तिच्या पलीकडच्या आतड्यालाही भोसकू शकते. दोन-तीन प्रयत्नांनंतर नळी बदलणेच बरे, आणि नवी नळी म्हणजे जागेची तपासणी पुन्हा पहिल्यापासून.

रुग्ण नळीसह घरी जाणार असेल तेव्हा ही शिकवण नातेवाइकांपर्यंत पोहोचवायची असते, आणि तिथे तिचे रूप बदलते. मिक्सरमधून काढलेली नाचणीची पेज किंवा डाळ-तांदूळ बारीक गाळणीतून गाळून घेतले नाहीत तर कण अडकतात. घट्ट पेज पातळ केली की नळी वाचते, पण त्याच २०० मिलीतली ताकद कमी होते, म्हणून घट्टपणा आणि दिवसाची एकूण मात्रा आहारतज्ज्ञाकडून ठरवून घ्यावी लागते. बद्धकोष्ठ झाल्यावर घरची माणसे सहज इसबगोल कालवून नळीतून देतात. ते पाण्यात फुगून लापशीसारखे घट्ट होते आणि मग कोमट पाण्यानेही नळी सुटत नाही, म्हणून घरी जाताना द्यायच्या औषधांच्या कागदावर ‘इसबगोल नळीतून देऊ नये’ असे ठळक अक्षरांत लिहून द्यावे लागते.