व्हॉल्व्ह अर्धा उघडा, पाणी पाऊणपट

भंडाऱ्याजवळच्या वरठीत पोलाद तयार होतं, आणि पोलाद म्हटलं की थंड पाण्याची लाइन आलीच. समजा, तिथे ताशी 20 घनमीटर पाणी हवंय. लाइनवर एकूण 1 बार दाब खर्च होतो, त्यातला पूर्ण प्रवाहाला व्हॉल्व्हवर फक्त 0.25 बार. मग Kv = 20 ÷ √0.25 = 40. पाइपाच्या मापाचा व्हॉल्व्ह डोळे झाकून घेऊ नका; तो बहुधा मोठाच निघतो आणि जेमतेम उघडून हेलकावत राहतो.

आता लिनियर घेतला, तर अर्ध्या उघडीलाच सुमारे 76 टक्के पाणी जातं, कारण प्रवाह घटला की पाइपातला दाबखर्च घटून व्हॉल्व्हवरचा दाब वाढतो. 50 रेंजेबिलिटीच्या इक्वल पर्सेंटेजमध्ये तेच सुमारे 27 टक्के. इथे मी तोच घेईन. व्हॉल्व्हवरचा दाब जवळपास स्थिर असेल, तर मात्र लिनियरच बरा.