डिमरवरचा एलईडी का लुकलुकतो?

हॉलमधल्या झुंबरात 60 वॅटचे चार जुने बल्ब होते, म्हणजे डिमरवर 240 वॅटचा भार. त्यांच्या जागी 9 वॅटचे एलईडी लावले की तोच भार 36 वॅटवर येतो. जुन्या डिमरमधला ट्रायॅक हा इलेक्ट्रॉनिक स्विच विजेच्या प्रत्येक अर्ध्या लहरीची सुरुवात कापतो, सेकंदाला शंभरदा. चालू राहायला त्याला किमान प्रवाह लागतो. तो मिळाला नाही की तो मध्येच बंद पडतो आणि दिवा लुकलुकतो. गुणगुण मात्र वेगळी: कापलेली लहर एकदम उसळते, त्या धक्क्याने बल्बातली कॉइल आणि कपॅसिटर थरथरतात.

परीक्षा सोपी आहे. एका एलईडीच्या जागी जुना बल्ब लावा. लुकलुक थांबली, तर भारच कमी पडत होता.

खोक्यावर ‘डिमेबल’ नसलेला बल्ब डिमरवर लावूच नये. डिमर घेताना लहरीचा शेवट कापणारा, म्हणजे ‘ट्रेलिंग एज’ मागा; तो बहुधा शांत चालतो. त्यावरचा किमान वॅटचा आकडा मात्र वाचा. दुकानदार कमाल तेवढाच सांगतो!